उद्यम नोंदणीची खरी सरकारी वेबसाइट कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायण पेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी जीएसटी आणि आयकराची कामं करते. गेली काही वर्षं एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते: "मॅडम, उद्यमचे पैसे भरले, पण आता कळतंय ते फुकट असतं." मसाले करणाऱ्या बायका, पिको-फॉलवाल्या, मेसवाले, गॅरेजवाले, सगळ्यांची गोष्ट जवळपास सारखीच आहे. माझ्या सख्ख्या वहिनीचीही तीच झाली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. उदाहरण उद्यमचं, म्हणजे छोट्या व्यवसायांच्या सरकारी नोंदणीचं, घेतलं आहे, कारण पैसे घेणाऱ्या हुबेहूब साइट्सचा त्रास मला तिथेच सर्वांत जास्त दिसतो.

उद्यम नोंदणीला खरंच काहीच पैसे लागत नाहीत का?

नाही, एक रुपयाही नाही. केंद्र सरकारने 26 जून 2020 च्या अधिसूचनेत हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी सुरू झाली. खरी साइट एकच आहे:

`https://udyamregistration.gov.in`

कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत, आणि खऱ्या साइटवर पैसे भरायचं पान नसतंच. नोंदणी करताना यूपीआयचा क्यूआर किंवा कार्डाचा नंबर मागणारं पान समोर आलं, तर तुम्ही दुसऱ्याच कोणाच्या तरी साइटवर आहात. उद्यमपुरती ही खूण इतकी पक्की आहे की बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही ठेवा.

मग गुगलवर शोधलं की पैसे घेणाऱ्याच साइट्स वर का येतात?

कारण वरच्या जागा विकत मिळतात. शोधल्यावर सुरुवातीला जे दोन-चार निकाल दिसतात त्यांच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा इंग्रजी सेटिंग असेल तर 'Sponsored' असं लिहिलेलं असतं. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे जातात. फुकट सेवा देणारं सरकारी खातं तुमच्या एका क्लिकसाठी पैसे मोजायला सहसा जात नाही. पण त्याच फुकट कामाचे दीड हजार घेणाऱ्याला ते परवडतं. त्यामुळे खरी साइट खाली राहते आणि मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर कित्येकदा ती दिसतही नाही.

म्हणून 'पहिला निकाल म्हणजे खरा' हा हिशोब सरकारी कामाला लावू नका. जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबलं तर ती कोणी दिली आहे ते दिसतं. तिथे एखाद्या खासगी कंपनीचं किंवा माणसाचं नाव असेल, तर परत फिरा. जाहिरातीची तक्रारही तिथूनच करता येते, आणि जरूर करा.

साइटचा पत्ता नेमका कसा वाचायचा? नावात 'gov' असलं की झालं का?

नाही, फसगत नेमकी इथेच होते. आपण पत्ता डावीकडून वाचतो. 'udyam' दिसलं, 'gov' दिसलं की डोळ्यांना पटतं. पण पत्त्याचा खरा मालक कोण हे उजवीकडच्या टोकाला कळतं.

मोबाइलवर वरच्या पट्टीवर एकदा बोट ठेवा म्हणजे पूर्ण पत्ता दिसेल. `https://` नंतर पहिली तिरकी रेघ कुठे येते ते शोधा. त्या रेघेच्या लगेच आधी जे आहे ते टोक. रेघ नसेलच, तर पत्त्याचा शेवट हेच टोक. हे दोन पत्ते शेजारी ठेवून बघा:

```
https://udyamregistration.gov.in/Government-India
https://udyamregistration.gov.in.example.com/form
```

पहिल्यात रेघेच्या आधी `.gov.in` आहे. दुसऱ्यातही `gov.in` आहे, पण ते मधे आहे. टोकाला `example.com` आहे, म्हणजे ही साइट त्या नावाच्या मालकाची. त्याने आपल्या नावापुढे डावीकडे काहीही लिहावं, त्याला कोणी अडवत नाही. (हे नाव मी फक्त नमुन्यासाठी घेतलं आहे.)

दुसरी गोष्ट टिंब. `.gov.in` मध्ये gov च्या आधी आणि नंतर टिंब हवं. `-gov.org` किंवा `gov-in.com` अशी आडवी रेघ असलेली नावं कोणीही विकत घेऊ शकतं.

`gov.in` ला इतकं वजन का द्यायचं, तर ते बाजारात मिळत नाही. सरकारी खात्याने अधिकृत मागणी केल्यावरच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, ते देतं. `nic.in` चंही तसंच. नुसतं `.in`, `.co.in`, `.org.in`, `.org` मात्र थोडे पैसे भरून कोणालाही घेता येतं. `.org.in` वाचून खूप जणांना सरकारी वाटतं. माझ्या टेबलावर आलेल्या पावत्यांमध्ये हे टोक बऱ्याचदा दिसतं.

पत्त्याशेजारी कुलूप आहे, तिरंगा आहे, अशोकस्तंभही आहे. तरी खोटी?

असू शकते. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. ती पोचते कोणाकडे, हे कुलूप सांगत नाही. चित्रं तर कोणीही कॉपी करतं. अशा साइटच्या अगदी तळाशी जा. फिकट राखाडी अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं सापडेल की ही खासगी सल्लागार संस्था आहे आणि कोणत्याही सरकारी खात्याशी तिचा संबंध नाही. ते वाक्य तळाला आणि तिरंगा माथ्यावर, ही मांडणी मला सरळसरळ अप्रामाणिक वाटते.

पैसे गेले, पण प्रमाणपत्र तर खरं आलं. मग नुकसान काय झालं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. त्याला उत्तर म्हणून वहिनीचीच गोष्ट सांगते.

वहिनी धायरीला घरगुती मसाले करते. गोडा मसाला, मेतकूट, दिवाळीत फराळ. बँकेने मुद्रा कर्जासाठी उद्यमचं प्रमाणपत्र मागितलं. तिने रिक्षात बसल्या बसल्या फोनवर शोधलं आणि पहिली साइट उघडली. फॉर्म एकाच पानाचा होता: नाव, मोबाइल, ईमेल, आधार, पॅन, बँक खातं, व्यवसायाचं नाव. खाली 1,499 रुपये भरायचं बटण. तिने भरले. अर्ध्या तासाने फोन आला, "मॅडम, ओटीपी आलाय तो सांगा." तिने सांगितला.

पडद्यामागे काय चाललं होतं ते बघा. ज्या पानावर तिने माहिती भरली, तिथे नोंदणी झालीच नव्हती. पलीकडचा माणूस तीच माहिती खऱ्या सरकारी साइटवर स्वतः टाइप करत होता. खरी साइट आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवते, आणि तो वहिनीकडे आला, म्हणून त्याला फोन करावा लागला. थोडक्यात, दहा-पंधरा मिनिटांचं फुकट काम त्याने 1,499 रुपयांना केलं आणि तेही तिच्या आधारच्या ओटीपीवर.

तीन दिवसांनी प्रमाणपत्र आलं. नंबर `UDYAM-MH-26-` असा सुरू होणारा, म्हणजे पुणे जिल्ह्याचा, आणि तो खरा होता. पण ती ते घेऊन माझ्याकडे आली तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. पहिली, व्यवसायाचा प्रकार 'ट्रेडिंग' टाकला होता. वहिनी मसाले दळते, बनवते. तिचा व्यवसाय उत्पादनात येतो, एनआयसी कोड 10795, मसाले दळणं आणि प्रक्रिया. (ही एनआयसी म्हणजे उद्योगांची वर्गवारी. वर आलेल्या एनआयसीशी हिचा संबंध नाही.) बँकेच्या कर्ज अर्जात ती उत्पादक आणि प्रमाणपत्रात व्यापारी, म्हणून फाइल अडली. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. मोबाइल नंबर एजंटाचा टाकला होता. दुरुस्तीसाठी खऱ्या साइटवर लॉगिन करायला जो ओटीपी लागतो, तो नोंदणीतल्या मोबाइलवर जातो. म्हणजे स्वतःच्याच नोंदणीची किल्ली तिच्याकडे नव्हती. एजंटाला फोन केला तर दुरुस्तीचे वेगळे 799 रुपये सांगितले.

सुदैवाने ईमेल तिचा होता. लॉगिनच्या पानावर ओटीपी मोबाइलवर हवा की ईमेलवर असा पर्याय असतो. ईमेल निवडला, आत गेलो आणि कोड दुरुस्त केला. त्यालाही पैसे पडले नाहीत.

ईमेलही एजंटाचा असता तर जिल्हा उद्योग केंद्रात जावं लागलं असतं. पुण्याचं केंद्र शिवाजीनगरला आहे. उद्यम नोंदणीतल्या विसंगतीची चौकशी करायची जबाबदारी अधिसूचनेप्रमाणे तिथल्या महाव्यवस्थापकांची आहे. जाताना आधार, पॅन आणि प्रमाणपत्राची प्रत न्या.

आणि 'रद्द करून नवीन काढू' असा विचार लगेच करू नका. एका उद्योगाला एकच नोंदणी चालते. दुसरी काढायच्या नादात गुंता वाढतो.

खऱ्या साइटवर फॉर्म कसा असतो? मी एकटी भरू शकेन का?

एकल मालकीचा व्यवसाय असेल तर नक्की. पहिल्या पानावर नवीन उद्योजकांसाठीचा पर्याय निवडा. आधी फक्त आधार नंबर आणि आधारवर आहे तसंच नाव विचारतात. ओटीपी येतो, तो तुम्ही स्वतः टाकता. मग पॅन तपासला जातो. त्यानंतर व्यवसायाचं नाव, पत्ता, बँक खातं आणि आयएफएससी, किती माणसं काम करतात, आणि एनआयसी कोड. शेवटी पुन्हा एक ओटीपी.

अडतं ते कोडपाशी. तिथे शोधायची सोय आहे. इंग्रजीत 'spices', 'tailoring' असा साधा शब्द टाका आणि आलेल्या यादीतलं वर्णन नीट वाचा. आधी उत्पादन, सेवा की व्यापार हे ठरवा. शिवणकाम करून देत असाल तर एक, तयार कपडे आणून विकत असाल तर दुसरं. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

पॅन नसलेल्या अगदी छोट्या, जीएसटी न लागणाऱ्या व्यवसायांसाठी वेगळी वाट आहे. तिचं नाव उद्यम असिस्ट, आणि ते काम बँकांसारख्या संस्थांमार्फत होतं. आपल्या बँकेत विचारा.

सगळ्याच खऱ्या सरकारी सेवा `gov.in` वर असतात का?

नाही, आणि हे माहीत नसलं की माणूस उलट बाजूने अडकतो. खऱ्यालाच खोटं समजतो, किंवा 'तिथे चाललं तर इथेही चालेल' म्हणत खोट्यावर पैसे भरतो. जुन्या पुणेकरांना आठवत असेल, महापालिकेची साइट कितीतरी वर्षं `punecorporation.org` नावाने चालली. आता `pmc.gov.in` आहे. रेल्वेची तिकिटं आपण आजही `irctc.co.in` वर काढतो.

पुण्यात या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो गाड्यांच्या नंबरप्लेटचा. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवायची होती. राज्याचे तीन विभाग केले आणि प्रत्येक विभागाला वेगळी ठेकेदार कंपनी नेमली. बुकिंग होतं ते त्या कंपनीच्या साइटवर, आणि त्या पत्त्याच्या टोकाला `gov.in` नाही. मग शेजारी तशाच नावाच्या नकली साइट्स उभ्या राहिल्या. दोन्हींकडे नाव इंग्रजीत एचएसआरपी, रंगही तेच. नुसत्या पत्त्यावरून ठरवणं मलाही जमलं नसतं.

अशा वेळी ठेकेदाराची साइट शोधायचीच नाही. जिथून त्याला काम मिळालं त्या खात्याच्या दारातून आत जायचं. म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत स्वतः `transport.maharashtra.gov.in` टाइप करा. तिथे एचएसआरपीची लिंक आहे. तुमच्या आरटीओचा कोड निवडा, पुण्यासाठी एमएच-12. मग तीच साइट तुम्हाला योग्य कंपनीच्या पानावर नेते. हाताला धरून नेलेलं असल्यामुळे त्या पानाचं टोक काहीही असलं तरी चालतं. वाटेत गुगलवर परत आलात तर मात्र पहिल्यापासून सुरू करा.

पैसे भरण्याआधी रक्कम बघा. परिवहन खात्याने दर जाहीर केले होते: दुचाकी 450, तीनचाकी 500, चारचाकी 745 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीचे 531 आणि कारचे 879 रुपये 10 पैसे. घरी येऊन बसवायचं निवडलं तर थोडे जास्त. पण साध्या बुकिंगला स्कूटरचे हजार-बाराशे दाखवत असेल तर थांबा. दुसरी खूण म्हणजे खरी साइट चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे मागते, आणि ते सरकारी नोंदीशी जुळले नाहीत तर पुढे जाऊच देत नाही. मनाला येईल तो नंबर टाकून बघा. तो स्वीकारून साइट थेट पैशांच्या पानावर गेली, तर पलीकडे सरकारी नोंद जोडलेली नाही.

मुळात खात्याचाच पत्ता माहीत नसेल तर?

`igod.gov.in` हे एक नाव वहीत लिहून ठेवा. सरकारी साइट्सची ही सरकारी यादी आहे. केंद्र, राज्य, जिल्हा अशी वर्गवारी आहे. दिसायला साधी आहे, पण तिथल्या लिंकवर जाहिरात बसत नाही. जिल्ह्यातल्या कामांसाठी `pune.gov.in` वरून सुरुवात करता येते.

आणखी एक वाट आपण विसरतो: घरातला कागद. मिळकतकराचं बिल, जुना पासपोर्ट अर्ज, बँकेचं पत्र. त्यावर छापलेला पत्ता शोधनिकालापेक्षा जास्त भरवशाचा. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक मात्र कितीही जवळच्या माणसाने पाठवलेली असो, तिच्यावर न दाबता पत्ता स्वतः टाइप करा. पाठवणाऱ्यालाही ती गुगलच्या पहिल्या निकालातूनच मिळालेली असते.

मला कॉम्प्युटर जमत नाही. कोणाकडून करून घेतलं तर चूक आहे का?

अजिबात नाही. ओळखीच्या सीए, कर सल्लागार किंवा सेवा केंद्रात समोर बसून करून घ्या, त्याच्या कष्टाचे पैसे द्या. आम्हीही घेतो आणि ते आमचं शुल्क आहे असं सांगून घेतो. फरक तिथेच आहे. सरकारी फी म्हणून कोणी मागितले तर देऊ नका. आणि मोबाइल, ईमेल तुमचेच टाकले जातायत ना, हे स्क्रीनकडे बघून खात्री करा. फोनवरून ओटीपी मागणाऱ्याला तो सांगू नका.

पैसे आणि आधार-पॅन दोन्ही देऊन बसलो. आता काय करू?

आजच्या आज 1930 वर फोन करा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, साइटचा पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट आणि आलेले फोन नंबर जवळ ठेवा. नंतर साइट गायब झाली तर पत्त्याचा तो स्क्रीनशॉटच कामी येतो.

एक मात्र खरं सांगायला हवं. साइटच्या तळाला 'खासगी सल्लागार' असं लिहिलेलं असेल आणि त्यांनी प्रमाणपत्र आणून दिलं असेल, तर पैसे परत मिळणं कठीण जातं. ते म्हणतात, सेवा दिली. वहिनीचे 1,499 आले नाहीत.

आधारसाठी `myaadhaar.uidai.gov.in` वर जाऊन प्रमाणीकरणाचा इतिहास बघा. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कधी आणि कशासाठी वापरलं गेलं ते तिथे दिसतं. अनोळखी नोंद दिसली तर तक्रारीत जोडा. बायोमेट्रिक लॉक करायची सोयही तिथेच आहे.

"तुमच्या उद्यम प्रमाणपत्राची मुदत संपते आहे, रिन्यू करा" असा मेसेज आलाय. खरा आहे का?

उद्यम प्रमाणपत्राला मुदत नसते. रिन्युअल नावाची गोष्टच नाही. पत्ता, खातं किंवा उलाढाल बदलली तर माहिती अद्ययावत करावी लागते, आणि तीही फुकट. 'प्रिंट काढून देतो' म्हणून पैसे मागणारेही आहेत. उद्यम नंबर आणि ओटीपी टाकला की प्रिंट खऱ्या साइटवरच निघते. आपलं प्रमाणपत्र खरं आहे का हे बघायचं असेल तर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. जे पान उघडेल त्याचा पत्ता `udyamregistration.gov.in` याच टोकाचा असला पाहिजे, आणि त्यावर तुमच्याच व्यवसायाचं नाव दिसलं पाहिजे.